पाच मिनिटांचा सेमिनार: अक्षय ऊर्जेच्या स्लाइड्समागची पार्श्वभूमी

अक्षय ऊर्जेवरच्या सेमिनारसाठी वर्गात अपलोड होणारा जवळजवळ कुठलाही स्लाइड-संच उघडा, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर एक यादी हमखास सापडते: सौर, पवन, जल, जैव, भूऔष्णिक आणि कधी कधी सागरी. पुढे यातल्या प्रत्येक प्रकाराला एकेक स्लाइड वाटून दिलेली असते. भाषण लिहायला बसलेला विद्यार्थीही त्याच क्रमाने जातो आणि पाच मिनिटांत सहा व्याख्या ऐकवून खाली बसतो. ही यादी कशी घडली आणि भाषणाआधी स्लाइड्स तयार करण्याची रीत कशी पडली, हे माहीत असलं की संहिता लिहिताना कशाला धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवणं सोपं जातं.

यादीपासून सुरुवात करू. 1961 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी रोमला ‘ऊर्जेचे नवे स्रोत’ या विषयावर परिषद भरवली. तिच्यात स्रोत तीनच होते: सूर्य, वारा आणि भूगर्भातली उष्णता. जलविद्युत तोवर चांगली रुळलेली होती, त्यामुळे ती ‘नव्या’त बसत नव्हती. इंधन आणि विजेच्या तारा जिथे पोहोचत नाहीत अशा भागांची गरज हा त्या चर्चेचा मोठा भाग होता. हवामानबदल तेव्हा चित्रात नव्हता.

मग 1973 चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला आणि तेलाला पर्याय शोधणं ही सगळ्याच सरकारांची निकड बनली. 1981 मध्ये नैरोबीत ‘नव्या आणि नवीकरणीय ऊर्जास्रोतां’वर परिषद झाली. तिची यादी आज वाचताना डोळे विस्फारतात. सूर्य, वारा, पाणी, जळाऊ लाकूड, लाटा यांच्या जोडीला तिच्यात ओढकाम करणारी जनावरं होती, पीट म्हणजे दलदलीत साठलेला, जाळता येणारा वनस्पतींचा कुजका थर होता आणि चक्क तेलयुक्त शेल व डांबरी वाळूही होती. शेवटच्या दोन गोष्टी जीवाश्म इंधनंच, पण नेहमीच्या तेलविहिरींबाहेरच्या, म्हणून ‘नव्या’ या शब्दाखाली आत आल्या. यादी बनवताना विचारलेला प्रश्न ‘तेलाऐवजी काय?’ असा होता. ‘कार्बन किती?’ हा प्रश्न नंतर पुढे आला आणि यादी गाळली गेली. 2009 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या घटनेत जैव, भूऔष्णिक, जल, सागरी, सौर आणि पवन अशी सहा नावं आहेत. वर्गातल्या स्लाइडवरची नावं जवळपास हीच.

परिषदेची किंवा संस्थेची यादी वाटाघाटीतून ठरते, त्यामुळे तिच्यात सगळ्यांना सारखी जागा असते. भाषणाला मात्र एका गोष्टीकडून दुसरीकडे नेणारं कारण लागतं. यादी स्लाइडवर जशीच्या तशी उतरली की हे कारण नेमकं गळून पडतं.

दुसरा धागा स्लाइड्सचा. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेला पॉवरपॉइंट 1987 मध्ये बाजारात आला. पहिल्या आवृत्तीतून ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी कृष्णधवल पारदर्शिका छापता येत. त्याच आवृत्तीत वक्त्याच्या टिपणांचं पानही होतं: वर स्लाइडचं छोटं चित्र, खाली बोलायचा मजकूर. म्हणजे डोळ्यांसाठीचा आणि कानांसाठीचा मजकूर वेगळा ठेवायची सोय पहिल्यापासून होती. पुढे स्लाइड्स वाटण्याची, जमा करण्याची, नंतर अपलोड करण्याची पद्धत पडली. वक्ता सोबत नसताना त्या समजाव्यात म्हणून सगळा मजकूर स्लाइडवरच चढला आणि टिपणांचं पान रिकामं राहू लागलं. हे फक्त वर्गात झालं नाही. कोलंबिया यानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने 2003 च्या अहवालात, नासामध्ये तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्स वापरल्या जात असल्याबद्दल उघड नाराजी नोंदवली. आधी स्लाइड्स आणि मग त्यांच्यावरून भाषण हा उलटा क्रम आज रूढ झाला आहे. माझ्या मते संहितेचं खरं काम इथेच सुरू होतं: रिकाम्या राहिलेल्या त्या पानावर.

दहा स्लाइड्सचा नेहमीचा संच घेऊ: शीर्षक, व्याख्या, यादी, सौर, पवन, जल, जैव, भूऔष्णिक, मर्यादा, समारोप. वेळ 300 सेकंद. वर्गाला कळेल अशा गतीने मराठीत मिनिटाला शंभरेक शब्द होतात असं धरलं, तर हातात सुमारे 500 शब्द येतात. स्लाइड बदलताना जाणारी 20 सेकंदं वजा केली की साडेचारशेच्या थोडं पुढे. समान वाटणी केली तर प्रत्येक स्लाइडला 28 सेकंदं मिळतात, आणि तेवढ्यात मुद्दे वाचण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून वाटणी असमान हवी. शीर्षकाला 15 सेकंदं, यादीला 40, सौरला 130, पवन आणि जल मिळून 60, मर्यादांना 35. बेरीज 280 भरते.

सौर स्लाइडवर बहुधा असे तुटक मुद्दे असतात: ‘1839 बेकरेल, 1954 बेल लॅब, 6 टक्के, उपयोग: उपग्रह, घरे’. याच मुद्द्यांची संहिता अशी होऊ शकते:

“प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो हे एडमंड बेकरेल यांना 1839 मध्येच दिसलं होतं. पण कामाचा सौर सेल यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा सेल दाखवला. त्याच्यावर पडलेल्या ऊर्जेच्या शंभर भागांपैकी सहा भागांची वीज होत होती. तो इतका महाग होता की घरासाठी कोणी घेतला नसता. मग तो गेला कुठे? अवकाशात. 1958 मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड 1 या उपग्रहावर दोन ट्रान्समीटर होते. बॅटरीवरचा काही महिन्यांत बंद पडला, सौर सेलवरचा 1964 पर्यंत संदेश पाठवत राहिला. जिथे इंधन नेता येत नाही, तिथे महाग सेलही परवडतो.”

हे मोठ्याने वाचायला पाऊण मिनिट ते एक मिनिट लागतं. उरलेल्या वेळात 1973 नंतर सेल जमिनीवर का आले हे सांगता येतं. पुढच्या स्लाइडकडे जायचा दुवाही इथेच मिळतो: रात्री सेल थांबतो, वारा पडला की पवनचक्की थांबते, धरणातलं पाणी मात्र अडवून ठेवता येतं.

संहिता सर्वाधिक फसते ती आलेखाच्या स्लाइडवर. आलेख स्थापित क्षमतेचा असतो आणि भाषणात ‘इतकी वीज तयार होते’ असं वाक्य येतं. ओळखायची खूण एकक: मेगावॉट असेल तर ती क्षमता, मेगावॉट-तास किंवा युनिट असेल तर निर्मिती. 1 मेगावॉटचा सौर प्रकल्प पूर्ण क्षमतेने 24 तास चालला असता तर दिवसाला 24,000 युनिट मिळाले असते. सरासरी एक पंचमांश क्षमता धरली तर 4,800 मिळतात. हा फरक मर्यादांच्या 35 सेकंदांत एका वाक्यात मावतो.

व्याख्येचं एक वाक्य यादीच्या 40 सेकंदांतच घ्यावं आणि समारोपाची स्लाइड न बोलता पडद्यावर ठेवावी. जैव आणि भूऔष्णिकच्या स्लाइड्स काढून टाकायची गरज नाही. संचाच्या शेवटी न्याव्यात, त्यांच्या टिपणांत दोन-दोन ओळी लिहून ठेवाव्यात, आणि कोणी प्रश्न विचारलाच तर तेव्हा उघडाव्यात.