धर्माचा रकाना : शिरगणती, न्यायालये आणि मराठवाडा

एकाहून अधिक धर्मपरंपरा एकत्र पाळणाऱ्या समाजांना इंग्रजी अमदानीत कागदोपत्री एकाच धर्मात बसवले गेले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजांची न्यायालये तिथे थेट चालत नव्हती; पण १८८१ पासून शिरगणती मात्र उर्वरित हिंदुस्थानाबरोबरच होऊ लागली आणि धर्माचा रकाना गावोगावी पोहोचला.

इथल्या जगण्यात ही सरमिसळ जुनी आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी, असे परंपरा सांगते. गावचा मुलाणी मुसलमान; तरी हिंदूंच्या घरचा नवसाचा बोकड हलाल करण्याचा मान त्याचा, आणि त्याबद्दल त्याला बलुते मिळे. पिराच्या उरुसाला सारा गाव लोटे. रकान्यात मात्र प्रत्येकाने एकच शब्द लिहून द्यायचा होता.

हा रकाना किती ताठर होता, ते १९११ साली शेजारच्या मुंबई इलाख्यात दिसले. गुजरातेतील मतिया कणबी, शेखडा असे समाज दोन्हीकडचे आचार पाळत. तिथले शिरगणती अधीक्षक मीड यांनी त्यांच्यासाठी ‘हिंदू-मुसलमान’ असा वेगळा वर्ग केला. शिरगणती आयुक्त गेट यांना तो मान्य झाला नाही. अशा माणसांना जमेल तसे या किंवा त्या धर्मात घालायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे. समोरचे वास्तव प्रामाणिकपणे नोंदवणाराच इथे चुकीचा ठरला, हे विसरता कामा नये.

न्यायालयांची वाटचालही याच दिशेने झाली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने वारसा, विवाह अशा बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लावण्याचे ठरवले, तिथेच पक्षकाराचा धर्म आधी ठरवणे भाग झाले. तरीही १८४७ मध्ये, मुसलमान असूनही वारशात हिंदूंसारखी रूढी पाळणाऱ्या खोजा जमातीतील मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला, तेव्हा मुंबईच्या न्यायालयाने जमातीची रूढी विचारात घेऊन तो नाकारला. रूढी टिकली, पण मुलींचा हक्क गेला. म्हणजे जुनी लवचीकता सगळ्यांनाच न्याय देणारी नव्हती. पुढे खोज्यांचे धर्मप्रमुख आगाखान यांच्या १८६६ च्या खटल्यात ही जमात मुळात कोणत्या पंथाची, असा प्रश्न आला आणि खोजे हे शिया इस्माइली, असा निर्णय झाला. १९३७ च्या शरियत कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात वारशासारख्या बाबतींत मुसलमानांमधील रूढीला फारशी जागाच ठेवली नाही.

स्वातंत्र्यानंतरही एकाच धर्माची अट राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला (शिखांमधील मोजक्या जाती वगळता). १९५६ नंतर मराठवाड्यातल्या असंख्य महार कुटुंबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांची वस्ती तीच आणि सोसावा लागणारा जातिभेदही तोच; पण धर्म ‘बौद्ध’ लिहिला की केंद्राच्या यादीतला हक्क जाई. बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित त्या यादीत अजूनही नाहीत.