«हा पंप… हा पंप…» : उत्पादन अहवालातली वाक्ये मोकळी कशी करावीत

आमच्याकडे संपादनासाठी येणारे बरेचसे उत्पादन अहवाल तांत्रिक तक्त्यावरून लिहिलेले असतात. तक्त्याची एक ओळ घ्यायची, पुढे उत्पादनाचे नाव लावायचे, शेवटी ‘आहे’ जोडायचे, की झाले वाक्य. त्यातून असा मजकूर तयार होतो:

हा पंप एक अश्वशक्तीचा आहे. हा पंप २० मीटर उंचीवर तासाला ४,००० लिटर पाणी चढवतो. हा पंप १,००० लिटरची टाकी १५ मिनिटांत भरतो. हा पंप कोरडा चालवू नये. हा पंप कोरडा चालल्यास त्याचे सील जळते.

माहिती बरोबर आहे, पण सगळी एकाच पट्टीत. सील वाचवणारी सूचनाही अश्वशक्तीच्याच सुरात येते आणि नजरेतून निसटते.

अशा वेळी वाक्यांच्या सुरुवातीला ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ चिकटवून भागत नाही. आधी कोणत्या माहितीचा कोणत्या माहितीशी संबंध आहे ते पाहावे. टाकी १५ मिनिटांत भरते ती तासाला ४,००० लिटर पाणी चढते म्हणूनच. मग ही दोन्ही एका वाक्यात हवीत:

२० मीटर उंचीवर हा एक अश्वशक्तीचा पंप तासाला ४,००० लिटर पाणी चढवतो, म्हणजे गच्चीवरची १,००० लिटरची टाकी साधारण १५ मिनिटांत भरते. कोरडा मात्र चालवू नका. पाण्याविना फिरला की सील तापून जळते आणि गळती सुरू होते.

आता वाक्ये २१, ४ आणि १० शब्दांची झाली. लांब वाक्यानंतर आलेले चार शब्द ठसतात, म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे ठेवावी. पुढच्या वाक्यांत ‘पंप’ हा शब्दच नाही, तरी अर्थ अडत नाही; ‘फिरला’ या क्रियापदावरूनच कर्ता कळतो. मराठीची ही सोय अहवालात फारच कमी वापरली जाते.

वाक्ये जोडताना क्रियापदाला लागणाऱ्या ‘-ऊन’ या प्रत्ययाकडे लक्ष असू द्या. ‘स्विच दाबून पंप सुरू होतो’ असे लिहिले, तर स्विच पंपानेच दाबल्यासारखे वाटते. दोन क्रियांचे कर्ते वेगळे असतील तिथे ‘दाबल्यावर’ म्हणावे.

नवेपणासाठी वस्तूचे नाव मात्र बदलू नये. पंपाला पुढे ‘यंत्र’ आणि त्यापुढे ‘उपकरण’ म्हटले, की ही तिसरीच कुठली वस्तू, असे वाचणाऱ्याला वाटते. जोडणीच्या पायऱ्यांतही आम्ही विविधता आणत नाही. ‘झडप उघडा, पाणी भरा, झाकण घट्ट करा’ हा एकसारखेपणा कामाचा आहे, कारण माणूस हातात पाना घेऊन ते वाचत असतो.

स्वतः तपासायचे असेल, तर प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द आणि शेवटचे क्रियापद अधोरेखित करा. लागोपाठ तीन ठिकाणी तेच दिसले, की तो परिच्छेद हाती घ्यावा. आमच्याकडे अहवाल पाठवताना मूळ तांत्रिक तक्ताही सोबत द्या. कोणती माहिती कशाशी जोडायची हे त्यावरून ठरवता येते.