टिपण वक्त्याचे आणि टिपण वाचकाचे

बैठकीत दाखवलेली स्लाइडची फाइल नंतर सभासदांना वाचायला पाठवायची असेल, तर पडद्यावर मजकूर थोडा आणि वाचायच्या पानावर अधिक हवा, हे आता सर्वांना ठाऊक आहे. गोंधळ होतो तो स्लाइडखालच्या Notes च्या चौकटीत. वक्त्याने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेले टिपण आणि घरी बसून वाचणाऱ्यासाठी लिहिलेले टिपण एकच, असे धरून चालणारे लोक मला दर वर्षी भेटतात, आणि एकदा मीही त्यांच्यातलाच होतो.

चिकोडी तालुक्यातील एका पतसंस्थेच्या बैठकीसाठी मी केलेल्या स्लाइडचे शीर्षक होते ‘थकबाकी’, खाली महिनावार स्तंभ आणि त्यांत मार्चचा सर्वांत उंच. टिपणात एवढेच होते: ‘मार्च दाखवणे. ऊसबिल. घाबरू नका म्हणणे.’ बोलताना तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशी तीच पाने निपाणीच्या एका सभासदाकडे गेली आणि त्यांचा फोन आला, ‘साहेब, संस्था बुडायला लागली की काय?’

चूक त्यांची नव्हती, कारण ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे जोडणारे शब्द बैठकीत माझ्या तोंडून आले होते आणि फाइलमध्ये त्यांतला एकही नव्हता. मग मी शीर्षक केले, ‘मार्चची थकबाकी उशिरा आलेल्या ऊसबिलांमुळे’, आणि टिपण असे लिहिले: ‘ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे देण्याचे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तरीही या वेळी बिले लांबली. आपल्या बऱ्याच कर्जदारांचे हप्ते याच बिलातून वळते होतात, म्हणून ते मार्चअखेर थकलेले दिसतात. बिले जमा झाल्यावरही जे हप्ते थकीत राहतील, त्यांचीच वसुली वेगळी पाहावी लागेल.’ क्रियापदांवरून आता मी दोन्ही टिपणे ओळखतो: ‘दाखवणे’, ‘थांबणे’, ‘विचारणे’ अशी स्वतःला दिलेली आज्ञा दिसली, की ते वक्त्याचे. माझी तसली टिपणे मी हातातल्या कागदावर ठेवतो. फाइलमध्ये ती राहिली, तर कधीतरी सभासदांपुढे जातातच.

वाचकाचे टिपण लिहूनही ते पोहोचत नाही, याचे कारण बहुधा पाठवण्यात असते. पॉवरपॉइंटमधून PDF करताना Options मधील Publish what मध्ये Slides असेच राहिले, तर टिपणे गळून पडतात. तिथे Notes pages निवडले, की प्रत्येक पानावर वर स्लाइड आणि खाली मजकूर येतो.

अॅनिमेशनबद्दल मात्र माझा हट्ट आहे की अशा फाइलमध्ये ते नसावे. PDF मध्ये एकामागून एक येणारी चित्रे एकाच वेळी एकमेकांवर चढतात, त्यामुळे पडद्यावर क्रमाने उलगडलेले मार्च आणि एप्रिलचे दोन आलेख पानावर एकच चिखल होतात. त्यांच्या मी सरळ दोन स्लाइड करतो.