शाळेतील टीडी लसीकरण: पालकांचे संमतीपत्र कसे भरावे, कोणी सही करावी

शाळेतून येणाऱ्या लसीकरणाच्या कागदाचे दोन भाग असतात. एक माहितीपत्रक, दुसरे संमतीपत्र. माहितीपत्रक घरी ठेवायचे, संमतीपत्र सही करून परत द्यायचे. पुष्कळ शाळा दोन्ही एकाच कागदावर पाठपोट छापतात आणि तिथेच घोळ होतो: पालक सही करून कागद परत पाठवतात आणि त्याच्यासोबत "ताप आला तर काय करावे" ही माहितीही शाळेत जाऊन पडते. रात्री मुलाचा दंड सुजला की घरात वाचायला काहीच उरत नाही. म्हणून छापतानाच दोन वेगळे कागद करावेत. ते जमत नसेल तर मध्ये फाडण्याची रेघ तरी आखावी.

इथे उदाहरण म्हणून टीडी लस घेतली आहे. ती धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांपासून संरक्षण देते. लहानपणी घेतलेल्या डोसांचे संरक्षण वर्षांगणिक कमी होत जाते, म्हणून राष्ट्रीय वेळापत्रकात ती 10व्या आणि 16व्या वर्षी पुन्हा दिली जाते. 0.5 मिलीचे एकच इंजेक्शन दंडाच्या वरच्या भागात, स्नायूत देतात.

माहितीपत्रकाची भाषा अशी सोपी असावी:

"आपल्या मुलाला अमुक तारखेला शाळेत टीडी लस देण्यात येईल. लस दिल्यावर दंड दुखणे, लाल होणे, थोडी सूज येणे किंवा हलका ताप येणे असे होऊ शकते. हे बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप बरे होते. त्या दिवशी मुलाला उपाशी पाठवू नका. सैल बाह्यांचा शर्ट घाला. लस घेणे ऐच्छिक आहे. शंका असल्यास या नंबरवर विचारा."

नंबर आरोग्य पथकातील माणसाचा असावा. नुसता शाळेच्या कार्यालयाचा दिला तर वैद्यकीय प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही.

संमतीपत्रात वरती मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता व तुकडी, आणि शिबिराच्या दिवशी नक्की लागेल असा पालकांचा मोबाइल नंबर. जन्मतारीख महत्त्वाची, कारण एकाच वर्गात सारख्या नावाची दोन मुले असू शकतात आणि वयाची खात्रीही तिच्यावरूनच होते. त्याखाली आरोग्याचे प्रश्न:

1. पूर्वी कुठल्याही लसीनंतर श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा अंगभर पित्त उठणे असे झाले होते का?
2. कशाची ऍलर्जी आहे का? असल्यास कशाची, आणि तेव्हा काय झाले होते?
3. मुलाला रक्तस्राव लवकर न थांबण्याचा आजार आहे का?
4. अचानक हातापायांची ताकद गेली असा आजार लस घेतल्यानंतर काही आठवड्यांत झाला होता का?
5. इंजेक्शन घेताना किंवा रक्त पाहून मूल कधी चक्कर येऊन पडले आहे का?
6. नजीकच्या काळात जखमेमुळे धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का? कधी?

सर्वात शेवटी दोन चौकोन: "लस देण्यास माझी संमती आहे" आणि "संमती नाही". एकावरच खूण करायची. मग पालकांचे नाव, मुलाशी नाते, सही, तारीख.

"होय" म्हणजे लस बंद, असे नाही. दुसरा प्रश्न घ्या. एका पालकाने तिथे फक्त "ऍलर्जी: होय" लिहिले आणि फोन नंबर चुकीचा दिला, असे समजा. लस देणाऱ्या परिचारिकेला काहीच ठरवता येत नाही, म्हणून ती मुलाला लस न देता परत पाठवते. तेच उत्तर "ॲमॉक्सिसिलिन घेतल्यावर अंगावर पुरळ, श्वासाचा त्रास नाही" असे असते तर अडचण आली नसती, कारण टीडीत पेनिसिलीन गटाचे औषध नसते. म्हणजे एका ओळीच्या अभावी मुलाची लस राहिली. अंड्याची ऍलर्जी, दमा, साधी सर्दी, चालू असलेला अँटिबायोटिकचा कोर्स यांपैकी कशानेही टीडी अडत नाही. पण पहिल्या किंवा चौथ्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर शाळेत लस देऊ नये, मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे. रक्तस्रावाचा आजार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून बारीक सुईने लस देता येते. नंतर जागा चोळायची नाही, नुसती घट्ट दाबून धरायची.

कागद आठवडाभर आधी भरलेला असतो, आणि दरम्यान मूल आजारी पडू शकते. म्हणून शिबिराच्या सकाळी "आज ताप किंवा काही त्रास आहे का?" हा प्रश्न पुन्हा विचारायलाच हवा. ताप जास्त असेल तर लस पुढे ढकलतात. असे झाले म्हणून संमती बाद होत नाही, फक्त तारीख बदलते.

सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाचीच चालते. मोठी बहीण, काका, वसतिगृहाचे अधीक्षक यांची सही आपोआप चालत नाही. पालकांना सही येत नसेल तर अंगठा घ्यावा आणि शेजारी साक्षीदाराने आपले नाव व सही लिहावी. कागदच परत आला नाही तर त्याचा अर्थ संमती नव्हे. "कागद आला नाही म्हणजे हरकत नसावी" असे धरून लस देणे सर्वात मोठी चूक. पुढे वाद झाला तर दाखवायला काहीही हातात नसते. दोन्ही चौकोनांवर खूण असेल तर फोन करून विचारावे आणि कागद नव्याने भरून घ्यावा. सही केल्यानंतरही पालकांना लस देण्याआधी केव्हाही संमती मागे घेता येते. मूल स्वतः ठाम नकार देत असेल तर बळजबरी करू नये. घरी कळवून दुसरी वेळ ठरवावी.

पाचवा प्रश्न पालक सहसा रिकामा सोडतात, पण शिबिरात सर्वात जास्त घडते ते हेच. किशोरवयात इंजेक्शननंतर चक्कर येणे सामान्य आहे. अशा मुलाला आडवे झोपवून लस द्यावी. मूल फिके पडते, घाम येतो आणि पाय वर करून झोपवले की काही मिनिटांत सावरते, ही घेरी. पण अंगावर पित्त, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज, घरघर किंवा श्वासाचा त्रास दिसला तर ती गंभीर ऍलर्जी असू शकते. ती फार दुर्मिळ आहे, बहुधा काही मिनिटांत सुरू होते आणि तिला लगेच ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते. म्हणूनच लस दिल्यावर मुलांना अर्धा तास वर्गात न पाठवता नजरेसमोर बसवतात.

घरी दंड दुखत असेल तर थंड ओली पट्टी ठेवावी. ताप आलाच तर पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाच्या हिशोबाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. लस घेण्याआधीच "ताप येऊ नये म्हणून" गोळी देण्याची गरज नाही. ताप दोन दिवसांनंतरही राहिला किंवा सूज वाढत गेली तर माहितीपत्रकावरच्या नंबरवर कळवावे.

लस दिल्यानंतर संमतीपत्राच्या खालच्या भागात तारीख, बॅच नंबर, कोणत्या दंडात दिली आणि कोणी दिली हे लिहितात. मुलाच्या लसीकरण कार्डावरही लसीचे नाव व तारीख लिहून घ्यावी. नाहीतर पुढे जखम झाल्यावर डॉक्टर "शेवटची टीडी कधी?" विचारतात, कोणालाच आठवत नाही आणि बहुधा पुन्हा टोचून घ्यावे लागते.