कपाटे किती, रॅक किती? दोन मालांचा हिशेब आलेख कागदावर

स्टील फर्निचर बनवणारे आमचे बरेच ग्राहक पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतात. कपाटामागे जास्त पैसे सुटतात, मग रॅक बनवायचेच कशाला? त्याचे उत्तर आलेख कागद, पट्टी आणि गुण्या घेऊन अर्ध्या तासात काढता येते. या रीतीला लिनिअर प्रोग्रामिंगची आलेख पद्धत म्हणतात. आम्ही सल्ला देताना हीच वापरतो, म्हणून ती इथे एका नमुन्याच्या वर्कशॉपवर पूर्ण सोडवून दाखवली आहे.

वर्कशॉपमध्ये दोन कारागीर आहेत. दिवसाला ८ तास, आठवड्याला ६ दिवस, म्हणजे बेंडिंग-वेल्डिंगचे ९६ तास मिळतात. एका कपाटाला ४ तास जातात, एका रॅकला २. पावडर कोटिंगचा ओव्हन लहान आहे, एका वेळी एकच नग बसतो. कपाट असो वा रॅक, ओव्हनचा एक तास जातो आणि आठवड्याला ३६ तास मिळतात. रॅक घेणारा व्यापारी आठवड्याला ३० पेक्षा जास्त उचलत नाही. कपाटामागे १५०० रुपये सुटतात, रॅकमागे १०००.

हे ‘सुटणारे’ पैसे कसे काढले, ते आधी पाहा, कारण हाच आकडा चुकला तर पुढचे सगळे चुकते. विक्रीच्या भावातून फक्त तो खर्च वजा करायचा, जो नग बनवला तरच होतो: पत्रा, कुलूप-हँडल, पावडर, ओव्हनचा गॅस, टेम्पोभाडे. शेडचे भाडे आणि महिन्याच्या पगारावरच्या कारागिरांचा पगार नगांवर वाटून वजा करू नका. तो खर्च कपाट बनवा किंवा रॅक, तेवढाच राहतो. मजुरी नगावर देत असाल, तर मात्र ती वजा करायलाच हवी.

आता आठवड्याची कपाटे x आणि रॅक y धरू.

```
वेल्डिंग:   4x + 2y ≤ 96
ओव्हन:     x + y ≤ 36
मागणी:     y ≤ 30
x ≥ 0, y ≥ 0
जास्तीत जास्त करायचे: 1500x + 1000y
```

आडव्या अक्षावर कपाटे घ्या, उभ्या अक्षावर रॅक. सगळे वेल्डिंग कपाटांना दिले तर २४ कपाटे होतात, सगळे रॅकना दिले तर ४८ रॅक. हे दोन बिंदू जोडले की वेल्डिंगची रेषा तयार. ओव्हनची रेषा ३६ कपाटे आणि ३६ रॅक या बिंदूंना जोडते. मागणीची रेषा ३० रॅकवर आडवी जाते. प्रत्येक रेषेची शून्याकडची बाजू आपल्याला चालते. तिन्ही अटी एकदम पाळणारा जो तुकडा उरतो, त्यात पेन्सिलने रेघा मारा. तुम्हाला जमण्यासारखा प्रत्येक आठवडा या तुकड्यात आहे, बाहेरचा एकही जमणार नाही.

मग यातला सर्वांत चांगला कोणता? ३०,००० रुपये देणारी रेषा काढा. ती २० कपाटे आणि ३० रॅक या बिंदूंना जोडते, आणि तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूला तेवढेच पैसे सुटतात. गुण्या या रेषेला लावून, पट्टीच्या आधाराने, तिरपेपणा न बदलता वर-उजवीकडे सरकवत जा. पैसे वाढत जातात आणि शेवटी रेषा तुकड्याला एका कोपऱ्यावर टेकून बाहेर निघते. तुकड्याच्या आत कुठेही उभे असाल तर आणखी थोडे पुढे सरकायला जागा असतेच. म्हणून कोपरे तपासले की पुरते.

| कपाटे | रॅक | सुटणारे रुपये |
|---|---|---|
| ० | ० | ० |
| २४ | ० | ३६,००० |
| १२ | २४ | ४२,००० |
| ६ | ३० | ३९,००० |
| ० | ३० | ३०,००० |

नुसती कपाटे काढली तर ३६,०००. १२ कपाटे आणि २४ रॅक काढले तर ४२,०००. नुसत्या कपाटांत वेल्डिंगचे सगळे तास संपतात आणि ओव्हनचे १२ तास पडून राहतात, फरक तिथून येतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कोपरे निवडताना. वेल्डिंगची रेषा आणि मागणीची रेषा ९ कपाटे, ३० रॅक इथे एकमेकींना छेदतात. तिथे ४३,५०० रुपये दिसतात आणि हात लगेच तिकडे जातो. पण या बिंदूला ओव्हनचे ३९ तास लागतात, आपल्याकडे ३६ आहेत. दोन रेषा छेदल्या म्हणजे तो कोपरा झालाच असे नाही. सापडलेला प्रत्येक बिंदू उरलेल्या अटींतही घालून पाहा, एवढ्याने ही चूक पकडली जाते.

हाच नापास बिंदू आणखी एक कामाची गोष्ट सांगतो. ओव्हनचे तास ३६ वरून ३९ केले, तर तो खरोखरचा कोपरा होतो आणि १५०० रुपये जास्त सुटतात, म्हणजे जादा तासामागे ५००. ओव्हन तासभर जास्त चालवायला यापेक्षा कमी खर्च येत असेल, तर जरूर चालवा. पण ३९ च्या पुढे एक पैसाही वाढत नाही, कारण मग वेल्डिंग आणि व्यापाऱ्याची मागणी अडवतात. नवा मोठा ओव्हन घ्यायचा विचार असेल, तर कर्जाच्या अर्जाआधी हा हिशेब करावा, असे आमचे ठाम मत आहे.

भाव बदलला की प्रत्येक वेळी आराखडा बदलावा लागत नाही. रॅकमागे १००० कायम धरले, तर कपाटामागचे पैसे १००० ते २००० च्या दरम्यान असेपर्यंत १२ आणि २४ हेच उत्तर राहते. बरोबर २००० झाले तर पैशाची रेषा वेल्डिंगच्या रेषेला समांतर होते. मग १२-२४ आणि नुसती २४ कपाटे, दोन्हीकडे ४८,००० च सुटतात, आणि तुम्ही सोयीचे ते घ्यावे. २००० च्या वर गेले तर मात्र नुसती कपाटेच परवडतात.

कोपरा कधी कधी अपूर्णांकात येतो. वेल्डिंगचे ९७ तास असते, तर उत्तर साडेबारा कपाटे आणि साडेतेवीस रॅक आले असते. इथे जवळचा पूर्ण आकडा डोळे मिटून घेऊ नका. १३ आणि २३ ला वेल्डिंगचे ९८ तास लागतात, म्हणजे तो बसतच नाही. आसपासचे पूर्ण आकडे एकेक करून अटींत घालून पाहिले की १२ आणि २४ च योग्य ठरतात.

तीन किंवा जास्त माल असतील तर कागद पुरत नाही. तिथे जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत लागते. तीही एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त पैशाच्या कोपऱ्यावर जात राहते, आणि एक्सेलमधले सॉल्व्हर ते काम करून देते. तुमच्याकडे टेबल, लॉकर, बाक असे बरेच प्रकार असतील, तर तो हिशेब आम्ही सॉल्व्हरवर मांडून देतो.

भेटीला येण्याआधी एक आठवडा प्रत्येक मालाची खरी वेळ वहीत लिहून आणा. अंदाजाने सांगितलेली वेळ बहुधा कमी असते, कारण त्यात वेल्डिंगनंतरचे ग्राइंडिंग आणि ओव्हनमधून नग काढून दुसरा टांगण्याची मिनिटे धरलेली नसतात. सोबत पत्र्याची आणि पावडरची ताजी बिले, आणि कोणता व्यापारी आठवड्याला जास्तीत जास्त किती नग उचलतो याचे आकडे असू द्या.