१.४ की ०.८? करवसुलीच्या वाढीचे दोन आकडे

राष्ट्रीय उत्पन्न १० टक्क्यांनी वाढलं आणि करवसुली १४ टक्क्यांनी, तर टॅक्स बॉयन्सी १.४. हिशेब एवढाच: वसुलीतली टक्केवारी वाढ भागिले उत्पन्नातली टक्केवारी वाढ. दोन्ही आकडे चालू किमतींचे घ्यायचे. वसुली चालू किमतींची आणि उत्पन्न महागाई वगळलेलं घेतलं, तर बॉयन्सी उगाच फुगते.

पण त्याच वर्षी सरकारने दर वाढवलेला असेल तर? मग १.४ मध्ये दोन गोष्टी मिसळल्या आहेत: उत्पन्न वाढल्यामुळे आपोआप आलेला कर आणि कायदा बदलून मिळवलेला कर. दुसरा भाग बाजूला काढल्यावर उरते ती करांची लवचीकता. कायदा जसाच्या तसा ठेवला असता तर वसुली किती वाढली असती, हे ती सांगते. पुढच्या वर्षांचे अंदाज बांधायला हाच आकडा जास्त कामाचा, कारण दर काही दरवर्षी वाढवता येत नाहीत.

समजा, पहिल्या वर्षी वसुली १,००० होती आणि दुसऱ्या वर्षी १,१४० झाली. त्यातले ६० वाढीव दराचे. ते वजा केले की उरतात १,०८०, म्हणजे वाढ ८ टक्के आणि लवचीकता ०.८. घोषणेत १.४ मिरवणारी करव्यवस्था स्वतःच्या बळावर उत्पन्नाच्या मागेच पडते आहे.

तिसऱ्या वर्षी उत्पन्न पुन्हा १० टक्क्यांनी वाढतं, कायदा बदलत नाही आणि वसुली १,२३१.२ होते. इथे अनेकजण पुन्हा ६० वजा करून मोकळे होतात. उरतात १,१७१.२, आणि १,०८० शी तुलना केली की लवचीकता ०.८४ निघते. हे चूक आहे, कारण वाढीव दरातून येणारे ६०सुद्धा दरम्यान वाढून ६४.८ झालेले असतात. म्हणून वजाबाकी न करता प्रमाण लावायचं: १,०८० ला १,२३१.२/१,१४० ने गुणायचं. उत्तर १,१६६.४, म्हणजे वाढ बरोबर ८ टक्के. एकदा कायदा बदलला की पुढच्या प्रत्येक वर्षाची वसुली अशीच जुन्या कायद्याच्या पातळीवर आणत जायची.

आता ही लवचीकता एकाच्या वर किंवा खाली का जाते? एका करदात्याचं उत्पन्न १,००० आहे, ६०० पर्यंत माफी आहे आणि त्यापुढच्या उत्पन्नावर २० टक्के दर आहे. कर ८०. उत्पन्न १,१०० झालं की कर १००. उत्पन्नात वाढ १० टक्के, करात २५, लवचीकता २.५. दर एकच असूनही हे घडतं, कारण वाढलेलं सगळं उत्पन्न माफीच्या रेषेच्या वर पडतं. उत्पन्नाबरोबर माफीची मर्यादाही १० टक्क्यांनी वाढवून ६६० केली, तर कर ८८ होतो आणि लवचीकता नेमकी १ वर येते.

उलट टोकाला लिटरमागे किंवा नगामागे ठरावीक रक्कम आकारणारे कर. दहा टक्के वाढीत सहा टक्के महागाई असेल आणि विकलेला माल फक्त चार टक्क्यांनी वाढला असेल, तर कर चारच टक्के वाढतो. लवचीकता ०.४. महागाईचा वाटा जितका मोठा, तितका हा कर मागे राहतो.

कंपन्यांच्या नफ्यावरचा कर सगळ्यात लहरी. विक्री १,००० वरून ९५० वर आली, पण भाडं-पगार लगेच कमी होत नसल्याने खर्च ९०० वरून ८८० पर्यंतच उतरला, तर नफा १०० वरून ७० होतो. विक्री ५ टक्क्यांनी घटली, कर ३० टक्क्यांनी. शिवाय तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वळता करायची मुभा असेल, तर धंदा सावरल्यावरही काही काळ कर येत नाही. आणि वाढ करमुक्त क्षेत्रांत झाली, तर उत्पन्नाचा आकडा हलतो, वसुली जागेवरच राहते.

म्हणून एका वर्षाच्या बॉयन्सीवर फार विसंबू नये. उत्पन्न अवघं १ टक्का वाढलं आणि वसुली ३ टक्के घटली, तर उत्तर उणे ३ येतं. भाजक इतका लहान असला की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. थकबाकीची अभययोजना किंवा रोखून धरलेले परतावे यांनीही एखादं वर्ष बिघडतं. दहा-पंधरा वर्षांची मालिका घेतली की चित्र जरा स्थिर होतं.

लवचीकतेची खरी नाजूक जागा मात्र ते ६० आहेत. तो आकडा बहुधा अर्थसंकल्पातला अंदाज असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो. दरवाढीमुळे लोकांनी खरेदी आवरली किंवा उत्पन्न लपवलं आणि प्रत्यक्षात ३०च आले, तर आपोआप आलेली वसुली १,०८० नव्हे, १,११० ठरते. मग लवचीकता ०.८ राहत नाही, १.१ होते.