सालोनिकातील रक्ताचे थेंब: रक्तगटांची टक्केवारी आणि वंशाचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रीसमधील सालोनिका या बंदरात आणि त्याच्या आसपासच्या छावण्यांत जगाच्या चारही कोपऱ्यांतून आलेले सैनिक एकत्र जमले होते. त्यांत इंग्रज, फ्रेंच, इटालियन, सर्ब आणि रशियन होते, फ्रेंच वसाहतींतून आणलेले सेनेगाली, मादागास्करचे आणि अन्नामचे (म्हणजे आजच्या व्हिएतनामचे) लोक होते, आणि ब्रिटिश सैन्यातून आलेले भारतीयही होते. सर्बियन सैन्यात डॉक्टर म्हणून काम करणारे पोलिश शास्त्रज्ञ लुडविक हिर्शफेल्ड आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी हान्ना यांना ही संधी पुन्हा मिळणार नाही हे उमगले. त्यांनी प्रत्येक गटातील साधारण पाचशे ते हजार माणसांचे रक्तगट तपासले आणि आठ हजारांहून अधिक नमुन्यांचे निष्कर्ष 1919 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

रक्तगटांचे प्रमाण लोकसमूहांनुसार बदलते, हे त्या निबंधातून पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. त्यांच्या तक्त्यात इंग्रज सैनिकांपैकी शेकडा 43.4 जण ए गटाचे आणि अवघे 7.2 बी गटाचे होते. भारतीयांमध्ये चित्र उलटे होते, ए गटाचे 19 आणि बी गटाचे 41.2. हा फरक योगायोगाचा नव्हता. पुढील शंभर वर्षांतल्या मोजण्यांनीही मूळ कल पक्का केला आहे: बी गट उत्तर भारत आणि मध्य आशियात भरपूर आढळतो आणि पश्चिम युरोपकडे जावे तसा कमी होत जातो.

हिर्शफेल्ड दांपत्य मात्र तेवढ्यावर थांबले नाही. ए आणि एबी गटांच्या बेरजेला बी आणि एबी गटांच्या बेरजेने भागून त्यांनी एक निर्देशांक काढला, ज्याला त्यांनी जीवरासायनिक वांशिक निर्देशांक म्हटले. इंग्रजांचा निर्देशांक सुमारे 4.5 आला आणि भारतीयांचा सुमारे 0.5. या आकड्यांवरून त्यांनी लोकसमूहांचे युरोपीय, मध्यवर्ती आणि आशियाई-आफ्रिकी असे वर्ग पाडले, आणि ए व बी हे दोन निरनिराळ्या आदिम मानवसमूहांचे वारसे असून बी गटाचा पाळणा भारतात असावा, असा तर्कही मांडला. तो तर्क आज कोणी मानत नाही, आणि तो का टिकला नाही याची पहिली खूण त्यांच्या स्वतःच्याच तक्त्यात होती.

त्या तक्त्यात सेनेगाली सैनिकांच्या ओळीत ओ 43.2, ए 22.6, बी 29.2 आणि एबी 5 असे आकडे आहेत, तर अन्नामच्या सैनिकांच्या ओळीत ओ 42, ए 22.4, बी 28.4 आणि एबी 7.2. पश्चिम आफ्रिका आणि आग्नेय आशिया यांच्यातले अंतर, दोन्हीकडच्या लोकांची रूपे, भाषा आणि इतिहास लक्षात घेतले, तर हे साम्य चमत्कारिक वाटते. या दोन ओळींवरची नावे झाकून ठेवली, तर कोणती ओळ कोणाची हे कोणाही तज्ज्ञाला सांगता येणार नाही. निर्देशांकाने तर दोघांना एकाच वर्गात टाकले, कारण चार आकड्यांचा एकच आकडा केला की मुळात जी थोडीफार माहिती असते तीही गळून जाते.

समूहांची गोष्ट अशी, तर एकट्या माणसाची त्याहून अवघड. समजा, एखाद्या तपासनिसाला सालोनिकाच्या छावणीत रक्ताचा एक डाग सापडला आणि तो बी गटाचा निघाला. छावणीत एक हजार इंग्रज आणि एक हजार भारतीय आहेत असे धरले, तर वरील प्रमाणांनुसार बी गटाचे 72 इंग्रज आणि 412 भारतीय असतील, म्हणजे डाग भारतीयाचा असण्याची शक्यता शेकडा 85 येते. आकडा भरवशाचा वाटतो. पण तो जितका रक्ताने दिला आहे, तितकाच आपण धरून चाललेल्या समसमान संख्येने दिला आहे. आता तीच छावणी साडेनऊ हजार इंग्रजांची आणि पाचशे भारतीयांची आहे असे समजा. बी गटाचे इंग्रज 684 होतील आणि भारतीय 206. आता तोच डाग भारतीयाचा असण्याची शक्यता शेकडा 23 वर येते, म्हणजे तो इंग्रजाचा असण्याचीच शक्यता कितीतरी अधिक. रक्त बदलले नाही, गट बदलला नाही, बदलली ती फक्त आजूबाजूची गर्दी. शिवाय त्या छावणीत फक्त दोनच समूह आहेत, हेही आपण आधीच ठरवून टाकले होते. सर्ब, तुर्क आणि सेनेगाली सैनिक त्यात आणले की हिशेब आणखी विस्कटतो. आणि ज्या भारतीयांना ‘बी गटाचे लोक’ म्हणून ओळखायचे, त्यांच्यातलेच शेकडा 59 जण बी गटाचे नव्हते, हे विसरून चालणार नाही.

याचे मूळ कारण रक्तगट नेमका काय असतो यात आहे. लाल रक्तपेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाशी एच नावाचा पदार्थ असतो. नवव्या गुणसूत्रावरील एका जनुकापासून तयार होणारे विकर या टोकाला आणखी एक शर्करा जोडते. जनुकाचे ए रूप एक प्रकारची शर्करा जोडते, बी रूप किंचित वेगळी. या दोन विकरांतला कामाचा फरक अवघ्या चार अमिनो आम्लांचा आहे. ओ गटाच्या बहुतेक माणसांत त्या जनुकातले एकच अक्षर गळालेले असते, त्यामुळे विकर निकामी होते आणि एच पदार्थ तसाच उघडा राहतो. एका विकराने कोणती शर्करा जोडली, एवढीच माहिती रक्तगटात असते. त्वचेचा रंग, चेहऱ्याची ठेवण किंवा पूर्वजांचा प्रदेश यांची नोंद त्यात नसते.

हे जनुक प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. वडिलांकडे ए आणि ओ ही रूपे असतील आणि आईकडे बी आणि ओ, तर त्यांच्या अपत्यांना ए, बी, एबी आणि ओ यांपैकी कोणताही गट सारख्याच शक्यतेने मिळू शकतो. एकाच घरातील चार सख्खी भावंडे चार वेगळ्या गटांची निघणे त्यामुळे सर्वस्वी शक्य आहे. त्यांतल्या ओ गटाच्या बहिणीला ओ गटाच्या अनोळखी पेरूवासीयाचे रक्त चालू शकते, पण सख्ख्या भावाचे चालत नाही. (यात आर-एच घटक सारखा आहे असे गृहीत धरले आहे.)

ए आणि बी ही रूपे माणसाच्या कोणत्याही फाटाफुटीहून फार जुनी आहेत. गिबन वानरांतही ती दोन्ही आढळतात, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही विविधता किमान दोन कोटी वर्षांपासून टिकून आहे. आधुनिक माणूस आफ्रिकेबाहेर पडला तेव्हा ही रूपे त्याच्यासोबतच होती; समूह वेगळे झाल्यावर ती निर्माण झाली नाहीत, फक्त त्यांचे वाटप कमीजास्त होत गेले.

ते कमीजास्त होण्यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. दहा-वीस कुटुंबांची एखादी टोळी नव्या प्रदेशात गेली आणि तिच्यात बी रूप असलेली माणसे योगायोगाने नसलीच, तर पुढे तिचे वंशज लाखोंनी वाढले तरी त्यांच्यात बी गट दिसणार नाही. दक्षिण अमेरिकेतील मूलनिवासींमध्ये जवळजवळ सगळेच ओ गटाचे आढळतात ते बहुधा अशाच कारणाने. मात्र त्यांच्याच दूरच्या नातलगांत, उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट लोकांत, ए गटाचे प्रमाण जगात फार थोड्या ठिकाणी दिसेल इतके मोठे आहे. रोगांचाही वाटा असतो. ओ गटाच्या माणसांना तीव्र मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, पण पटकी झाली तर ती त्यांना अधिक तीव्र होण्याकडे कल असतो. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, जिथे पटकी पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून आहे, ओ गटाचे प्रमाण कमी असण्याचा याच्याशी संबंध जोडला जातो. म्हणजे दूरदूरच्या दोन समूहांत एखादा गट सारखाच वाढलेला दिसला, तर त्यामागे सामायिक पूर्वजांऐवजी सामायिक रोग किंवा निव्वळ दैव असू शकते.

या सगळ्याला सर्वांत कठीण अपवाद वाटावा असा रक्तगट म्हणजे डफी. लाल पेशींवरील डफी प्रथिन पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ कोणाच्याच पेशींवर नसते, तर युरोपात त्याचा अभाव अतिशय विरळा. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी पेशीत शिरताना याच प्रथिनाचा आधार घेतो, म्हणून ते नसणे हितकारक ठरले, हे 1970 च्या दशकात स्पष्ट झाले. इथे तरी रक्तावरून आफ्रिकी माणूस ओळखता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या अमेरिकी नागरिकांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या पेशींवर हे प्रथिन असते, आणि अरबस्तानातील अनेकांच्या पेशींवर ते नसते. डफीचा अभाव फार तर एवढेच सुचवतो की या माणसाच्या पूर्वजांपैकी काहीजण मलेरियाच्या विशिष्ट पट्ट्यातले असावेत. तो आज कोणती भाषा बोलतो आणि स्वतःला कोण समजतो, हे त्या पेशीला ठाऊक नसते.

मग एका ऐवजी अनेक गट एकत्र पाहिले तर? 1972 मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी सतरा जनुकांचा, ज्यांत अनेक रक्तगट होते, हिशेब मांडला तेव्हा एकूण विविधतेपैकी सुमारे 85 टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच आढळली, आणि तथाकथित वंशांमधल्या फरकाच्या वाट्याला केवळ सहा टक्क्यांच्या आसपास भाग आला. शेकडो-हजारो जनुकीय खुणा एकत्र केल्या, तर एखाद्याचे पूर्वज कोणत्या भूभागांतले असावेत याचा अंदाज आज बऱ्यापैकी करता येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो अंदाज संगणकात घातलेल्या तुलनेच्या नमुन्यांवर अवलंबून असतो, आणि तो पूर्वजांच्या भूगोलाविषयी असतो. जात, धर्म किंवा वांशिक ओळख माणसे आपसांत ठरवतात.

जर्मनीत मात्र निर्देशांकाला 1920 नंतर भलतेच महत्त्व आले. तिथल्या वंशवादी अभ्यासकांनी बी गटावर ‘पूर्वेकडचा’ असा शिक्का मारला आणि गावोगावच्या रक्तगटांचे नकाशे काढले; पण बी गटाचे जर्मनही सर्वत्र सापडत राहिले आणि ए गटाचे ज्यूही. स्वतः हिर्शफेल्ड ज्यू कुटुंबात जन्मले होते. 1941 मध्ये त्यांना वॉर्सा येथील घेट्टोत कोंडण्यात आले. त्यांचा रक्तगट तपासण्याची गरज कोणाला भासली नाही. आजी-आजोबांच्या धर्माच्या नोंदी पुरेशा होत्या.

रक्तपेढीत मात्र या टक्केवाऱ्यांचा रोज उपयोग होतो, आणि तिथे प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत वर्णन केलेल्या ‘बॉम्बे’ गटाच्या माणसांच्या पेशींवर एच पदार्थच तयार होत नाही. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे भासते. पण त्यांच्या रक्तद्रवात एच विरुद्धची प्रतिपिंडे असल्याने ओ गटाच्या पेशी त्यात मिसळल्या की पुंजके होतात, आणि चूक उघडी पडते ती तेव्हाच. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, युरोपात सुमारे दहा लाखांत एक. म्हणून दाता शोधायचा झाल्यास पहिला फोन मुंबईकडे जाणे शहाणपणाचे. मात्र हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर युरोपीय वंशजांतही एच पदार्थाची कमतरता सापडली आहे, आणि तिच्यामागचे उत्परिवर्तन वेगळे आहे. त्यामुळे दाता मुंबईचा असो वा रेयुनियाँचा, पिशवी पाठवण्यापूर्वी त्याच्या पेशींचे दोन थेंब आणि रुग्णाचा रक्तद्रव काचपट्टीवर वा नळीत एकत्र करून पुंजके होतात की नाही, हे पाहावेच लागते.